पाचवी खुर्ची दोनशे एकाहत्तर रुपयांना

ये, अशी जवळ बस. लांबून बोलायची सवय लागली तुला, फोनवर दोन मिनिटं विचारपूस केली की झाली मावशी. आणि वरून चुलत्या-मामांच्या घरी जाऊन सांगतेस काय, तर मावशीनं रिकाम्या खुर्च्यांना गाणं ऐकवलं म्हणून! लई हसलात म्हणे सगळे. हसा बाई. पण झालं काय ते मला विचारलं असतंस तर काय बिघडलं असतं? आता ऐक, मधे बोलू नको.

आपल्या लातुरात जुन्या मराठी गाण्यांचा कार्यक्रम लागला होता. रविवारी संध्याकाळी, नाट्यगृहात. पेपरात जाहिरात आली, तिकीट सातशे रुपये, मोबाईलवर मिळेल, आणि खाली एक सवलतीचा कोड छापलेला. मी जाहिरात कापून फ्रिजवर लावली. माझ्या मनात गाणं एवढंच नव्हतं. नांदेडहून लेक, सून, नातू, नात असे चौघं येतील, पाचवी मी, एका ओळीत बसू, घरी येऊन पिठलं-भाकरी खाऊ, झोपतील, सकाळी जातील. एवढंच.

एका ओळीत का, ते सांगते. भूकंप झाला तेव्हा आम्ही कितीतरी दिवस घरात झोपलोच नाही. भिंतीकडं बघायची भीती वाटायची. समोरच्या मोकळ्या जागेत सतरंज्या टाकायच्या. सासूबाई, तुझे काका, मी, लेक, सगळे एका रांगेत. काय वाईट काळ होता गं तो. खेड्यांतल्या बातम्या ऐकून घास उतरायचा नाही. तरी खरं सांगू का, हात लांब केला की माणूस लागायचं. ते तेव्हापासून नाही लागलं. सासूबाई गेल्या, काका गेले, लेक नांदेडला नोकरीला चिकटला तो तिथलाच झाला. वरच्या दोन खोल्यांत क्लासच्या पोरी भाड्यानं राहतात, त्या बिचाऱ्या सकाळी निघतात त्या अंधार पडल्यावर येतात. जिन्यावर चपला वाजल्या की मला कळतं, घरात कुणीतरी आहे.

तर तिकिटं. लेकाला फोन लावला. म्हटलं, "रविवारी येताय ना सगळे? तिकिटं मी काढते, माझ्याकडून."

"तू काढणार? मोबाईलवर?" हसला. "आई, मी काढतो की."

"न्हाई. माझं आमंत्रण, माझे पैसे. तू फक्त फोनवर राहा."

मग मी चष्मा लावून बसले. पाच जागा निवडल्या, ओळीनं पाच हिरव्या चौकोनांवर बोट ठेवलं. पाच सत्ते पस्तीस, साडेतीन हजार. कोड टाकला. जाहिरातीत वीस टक्के सूट लिहिली होती, म्हणजे सातशे कमी व्हायला पाहिजेत. झाले पाचशे.

"अरे, हे दोनशे खाल्ले यानं!"

"खाल्ले नाहीत. खाली बारीक अक्षरात बघ. जास्तीत जास्त पाचशे, असं असेल."

होतं बाई. मुंगीएवढ्या अक्षरात. राहिले तीन हजार. त्याच्यावर अठरा टक्के जीएसटी, पाचशे चाळीस. पुढं कन्व्हिनियन्स फी, एका तिकिटाला तीस, पाचांचे दीडशे.

"ही कसली फी?"

"सोयीची. घरबसल्या तिकीट मिळतंय ना, त्या सोयीची."

"आणि सोयीवर पुन्हा सत्तावीस रुपये टॅक्स?"

"सोयीवरपण अठरा टक्के असतो. आई, तू अर्थमंत्र्यांना फोन लाव, मला मीटिंग हाय."

एकूण तीन हजार सातशे सतरा. शेजारच्या वहिनी म्हणाल्या होत्या, नाट्यगृहाच्या खिडकीवर फी पडत नाही, तिथंच घ्या. पण खिडकीवर कोड चालत नव्हता. तिथं साडेतीन हजार आणि टॅक्स धरून चार हजार एकशे तीस झाले असते. मोबाईलच बरा. मी पैसे भरायच्या बटणावर बोट नेलं, तेवढ्यात लेक म्हणाला, "थांब. चारच काढ."

"का?"

"पोरीची टेस्ट हाय रविवारी. क्लासची. ती काही येत नाही."

नातीचं डॉक्टरकीच्या नीट परीक्षेचं वर्ष होतं ना. तिकडं नांदेडला तेच, इथं लातुरात तेच. चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, आणि त्या फोटोंखाली आपली पोरं मान खाली घालून चाललेली. मी एक चौकोन दाबून काढून टाकला. मला वाटलं, आता साडेसातशे तरी कमी होतील.

झाले किती? दोनशे एकाहत्तर रुपये चाळीस पैसे. चौघांचे तीन हजार चारशे पंचेचाळीस रुपये साठ पैसे!

म्हटलं, मशीन बिघडलं. पुन्हा पाच केले, तीन हजार सातशे सतरा. पुन्हा चार. मग लक्षात आलं, कोडच गळाला होता. तिकिटांचे तीन हजार झाल्याशिवाय तो चालतच नव्हता. चौघांचे होतात अठ्ठावीसशे. ती एकटी गेली की सगळ्यांचीच सूट गेली.

मी लेकाला सांगितलं, "अरे, तिची खुर्ची फक्त दोनशे एकाहत्तर रुपयांत पडतेय. कोड नसता तर पाचव्या खुर्चीचे आठशे एकसष्ट झाले असते. घेते मी."

"कशाला? ती येणार नाही तर दोनशे एकाहत्तर तरी का घालवायचे?"

"टेस्ट किती वाजता सुटते?"

"एक वाजता."

"कार्यक्रम साडेसहाला. जेवून निघालात तरी अहमदपूरला चहा पिऊन वेळेत पोचता."

"आई, टेस्ट सुटली की त्या पेपरावर चर्चा असते, चुका बघायच्या असतात..."

"खुर्चीला काही खायला लागतं का? राहू दे रिकामी. आली तर बसेल."

तो हसला आणि म्हणाला, "कर तुझ्या मनासारखं." मी पाच घेतली. सगळ्यांचा मिळून एकच चौकोनी कोड मोबाईलवर आला. खाली लिहिलेलं, तिकीट रद्द होणार नाही, पैसे परत मिळणार नाहीत. म्हटलं, कुणाला रद्द करायचंय?

रविवारी सकाळपासून मी कामाला लागले. गाद्या उन्हात टाकल्या. शेंगदाण्याची चटणी कुटली. सुनेचा दुपारी फोन आला. हळू आवाजात बोलली, "आई, टेस्ट तिला अवघड गेली हो. खोलीत दार लावून बसलीय. हे म्हणतात बघू, चारपर्यंत ठरवू."

"तिला म्हणावं, पेपर राहू दे, आजीकडं चल."

"म्हटलं मी. ती म्हणते, तुम्ही जा, मी राहते. पण तिला अशी एकटी टाकून कसं यायचं, तुम्हीच सांगा."

सून खरं तेच बोलत होती. माझ्या तोंडून निघालं, "बघा मग, जमलं तर." आणि चार वाजले, पाच वाजले, फोन नाही. फोन नाही म्हणजे गाडी चालवत असेल, असं मी ठरवून टाकलं. माणूस आपल्याला पाहिजे तसा अर्थ लावतो.

निळी साडी नेसले, रिक्षा केली. नाट्यगृहाच्या दारात एक गृहस्थ मशीन घेऊन उभे होते. मी मोबाईल दाखवला.

"पाच जण? बाकीचे कुठं आहेत मावशी?"

"येऊन राहिलेत नांदेडहून."

"मग त्यांना येऊ द्या. हा कोड एकदाच चालतो. आता तुम्हाला आत सोडलं की पाचही तिकिटं वापरली गेली असं दाखवतंय. मागून आलेल्यांना मला सोडता यायचं नाही."

"हाव का? मग थांबते."

थांबले. दाराशेजारी कठड्यावर बसले. माणसं येत होती, कोणी लेकराला कडेवर घेऊन, कोणी म्हाताऱ्या आईचा हात धरून. प्रत्येक पांढऱ्या गाडीकडं मी बघायची. आत पेटीचा सूर लागला, टाळ्या झाल्या, पहिलं गाणं सुरू झालं. ते गृहस्थ दोनदा माझ्याकडं बघून गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, "मावशी, पंखा आत आहे. या ना आत."

मी लेकाला फोन लावला. घरातल्या टीव्हीचा आवाज ऐकू आला, तेव्हाच कळलं.

"आई, मी तुला करणारच होतो गं. नाही निघालो आम्ही. तू आहेस कुठं?"

"दारात."

"आत गेली नाहीस? का?"

काय सांगू त्याला? मी आत गेले असते तर तुमच्यासाठी दार बंद झालं असतं म्हणून बसलेय? म्हटलं, "आत्ताच आले. रिक्षा मिळेना."

मग उठले आणि मोबाईल पुढं केला. मशीन पीप वाजलं. गृहस्थांनी विचारलं, "सगळे आले?" मी म्हटलं, "आलो." ते बॅटरीचा उजेड पाडत मला ओळीपर्यंत सोडून आले.

मी मधल्या खुर्चीवर बसले. दोन्हीकडं दोन-दोन. ज्या गाण्यासाठी आले होते ते लागलं, पण त्यातलं कडवं ऐकायचं राहिलं, डाव्या-उजव्या बाजूला कुणी नव्हतं तेच ऐकू येत होतं. मध्यंतरात मागं उभं असलेलं एक जोडपं आलं, "इथं कुणी आहे का हो?" मी म्हटलं, "बसा." त्यांनी मला शेवपापडी दिली. बाई बऱ्या होत्या. पण गाणं संपल्यावर आपल्या नवऱ्याशी बोलल्या, माझ्याशी नाही. बरोबरच हाय ते.

दुसऱ्या दिवशी मोबाईल वाजला. लेकानं पैसे पाठवले होते. दोन हजार नऊशे त्र्याहत्तर रुपये साठ पैसे. मी आधी चक्रावले, मग उलगडलं. तीन हजार सातशे सतराचे पाच वाटे केले आणि चौघांचे चार वाटे पाठवले, पैशापर्यंत. त्याला वाईट वाटलं होतं गं, मला माहीत आहे. लहानपणापासून त्याला वाईट वाटलं की तो काहीतरी करून मोकळा होतो. पण ते साठ पैसे बघून मला जे वाटलं, ते तो आला नाही तेव्हाही वाटलं नव्हतं. हिशेब मिटला, असं झालं ते. मला मिटवायचा नव्हता.

मी सगळे परत पाठवले. लगेच फोन आला. "आई, रागावलीस का?"

"नाही रे."

"मग पैसे का परत केले?"

"तिकिटं माझी होती. तुझ्याकडं माझं काही निघत असेल तर ते पैशात नाही."

तेवढ्यात मागून नात आली फोनवर, "आजी, माझी खुर्ची कशी होती गं?" म्हटलं, "चांगली होती, समोर खांब नव्हता." ती हसली आणि मग रडायला लागली, पेपराचं सांगत राहिली, कुठला प्रश्न चुकला, किती मार्क जातील. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तासभर ऐकलं. तेवढा वेळ ती माझ्याजवळ होती म्हण.

तर अशी ती गोष्ट. आता पुन्हा कुणाकडं सांगशील तर नीट सांग. आणि तू तरी पुन्हा राहायला कधी येतेस? परीक्षा, मीटिंग, सुट्टी नाही, हे सगळं मला पाठ आहे. कळवलंस तर बरं, नाही कळवलंस तरी दार उघडीन. दोन दिवस काढ आणि ये, लवकर ये.