वायपरच्या हिशेबातला वजा तुकडा

नगर-पुणे रस्त्यावर, केडगावच्या अलीकडे, ट्रकच्या बॉड्या बांधणारा एक कारखाना होता. कंपनीकडून नुसता सांगाडा, इंजिन आणि चाकं यायची. केबिन, काचा, पाठीमागचा हौदा हे सगळं आम्ही चढवायचो. बहात्तर साली मी तिथे ड्राफ्ट्समन म्हणून लागलो. आख्ख्या कारखान्यात डिप्लोमावाला मी एकटाच, आणि हे मी कुणाला विसरू देत नव्हतो. आज आठवलं की स्वतःच्याच एक थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटते.

केबिनचं सगळं काम एका मिस्त्रीच्या हातात होतं. बेलापूरकडचा माणूस, वय पन्नाशीच्या पुढे, बोलणं कमी आणि तोंडात कायम तंबाखू. त्याची एक रीत होती. गाडी ताब्यात द्यायच्या आधी तो तिच्याच ड्रायव्हरला सीटवर बसवायचा, बादलीभर पातळ चिखल कालवून समोरच्या काचेवर मारायचा, वायपर चालू करायचा आणि विचारायचा, "रस्ता दिसतोय का?" ड्रायव्हर हो म्हणाला तरच गाडी फाटकाबाहेर. पोरं त्याला चिखलपूजा म्हणायची. मीही हसायचो.

त्या वर्षी एका ट्रान्सपोर्टवाल्याने तक्रार आणली. आमच्या नव्या केबिनची काच पूर्वीपेक्षा उंच होती, पण वायपर जुन्याच मापाचा. काचेचा वरचा बराच भाग तसाच राहायचा. शेठ मला म्हणाले, "तुम्ही शिकलेले ना? काढा काहीतरी." मला तेवढंच हवं होतं.

मी कागद पसरला. वायपरचा दांडा काचेच्या खालच्या कडेला एका खिळीभोवती फिरतो. रबराची पट्टी दांड्याच्या बाहेरच्या भागालाच असते, खिळीपासून नसते. म्हणून काचेवर पुसला जातो तो पूर्ण पंखा नव्हे. मोठ्या पंख्यातून खालचा छोटा पंखा वजा करायचा, उरतो तो कंकणाचा तुकडा. आमची पट्टी बारा इंची. तिचं आतलं टोक खिळीपासून चार इंचांवर, बाहेरचं सोळा इंचांवर, आणि दांडा फिरायचा एकशेवीस अंशांत, म्हणजे वर्तुळाच्या एक तृतीयांशात. सोळाचा वर्ग दोनशे छप्पन्न, चाराचा सोळा. वजाबाकी दोनशे चाळीस. तिला बावीस सप्तमांशांनी गुणून तीनने भागलं की अडीचशे चौरस इंच आणि वर थोडं.

आता पट्टी तीच ठेवून दांडा चार इंचांनी लांबवला तर? आतलं टोक आठावर, बाहेरचं विसावर. चारशेतून चौसष्ट गेले, उरले तीनशे छत्तीस. क्षेत्रफळ तीनशे बावन्न चौरस इंच! नवी पट्टी नको, नवी मोटर नको, नुसता दांडा बदलून शंभर चौरस इंच जास्त. मी खुर्चीतून उठलोच. अहो, गणित बरोबर होतं. आजही कुणाला दाखवा, एक आकडा चुकलेला सापडायचा नाही.

शेठ खूश झाले. मी कागद घेऊन मिस्त्रीकडे गेलो. चारपाच कारागीर भोवती जमले. त्याने आकडे ऐकून घेतले आणि विचारलं, "सायेब, किती वाढलं ते सांगितलं. कुठं वाढलं?"

"वर वाढलं. बाजूंना वाढलं."

"मंग ड्रायव्हर काय आभाळ बघत गाडी हाकतो व्हय? खाली काय झालं ते बघा की."

कारागीर हसले आणि माझं डोकं फिरलं. तेवीस वर्षांचं डोकं, त्याला फिरायला काय लागतं! मी म्हणालो, "मिस्त्री, सोळाचा वर्ग किती होतो सांगा बरं. नाही ना येत? मग वायपरचं क्षेत्रफळ आम्हाला शिकवू नका."

आता ते माझ्या बाजूने हसले. मिस्त्रीने तंबाखू थुंकली, हात फडक्याला पुसले आणि लांब दांड्याचं माप मागून घेतलं. वडिलांच्या वयाचा माणूस होता हो तो.

पहिली गाडी तयार झाली तेव्हा तिचा ड्रायव्हर ती न्यायला आला. देवळाली प्रवऱ्याचा, उंचीला जेमतेम पाच फूट, पण बारा वर्षं गाडी चालवत होता आणि साधा ओरखडा कुठे लागू दिला नव्हता. शेठ सांगायचे, हा माणूस गाडीला मुलीसारखं जपतो. मिस्त्रीने बादली उचलली, तर शेठ खेकसले, "दुष्काळात माणसांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही काचेवर ओतताय?" बोलणं खोटं नव्हतं. त्या वर्षी कारखान्यात टँकर यायचा आणि हात धुवायलासुद्धा माप होतं. तरी मिस्त्रीने ड्रायव्हरला म्हटलं, "निदान सीटवर बसून तरी बघ." ड्रायव्हर माझ्याकडे बघून हसला. "शिकल्याल्या सायबानं केलंय, मंग त्यात काय बघायचं?"

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

पुढे वर्षभर त्या वायपरला कामच पडलं नाही. पाऊसच नव्हता. धूळ बसायची ती ड्रायव्हर थांबून फडक्याने पुसायचे. माझी चूक तशीच कोरडी राहिली आणि मी तिच्यावर आणखी नऊ गाड्या काढल्या.

त्र्याहत्तरला पाऊस चांगला झाला. भाद्रपदात एके दिवशी तीच पहिली गाडी ओढून कारखान्यात आणली. नेवासा रस्त्यावर भर दुपारी, रिमझिम पावसात, पुढच्या गाडीच्या चिखलाचे फवारे काचेवर येत असताना ड्रायव्हरने एका शेतकऱ्याचा बैल उडवला होता आणि गाडी बाभळीवर घातली होती. माणसं वाचली. बैल गेला. तो बैल शेतकऱ्याने दुष्काळभर गुरांच्या छावणीत राहून जगवला होता, असं गाडी आणणाऱ्यांनी सांगितलं. ट्रान्सपोर्टवाल्याने ड्रायव्हरला तिथल्या तिथे काढून टाकलं होतं. तो म्हणाला होता, "बैल दिसला नाही म्हणतो! एवढं धूड समोर, आणि दिसला नाही? डोळे गेलेत त्याचे."

डावी बाजू चेपली होती, ड्रायव्हरपुढची काच शाबूत होती. नुकसान लिहून घ्यायला म्हणून मी ड्रायव्हरच्या सीटवर चढलो. सीटवर गोणपाटाच्या घड्या होत्या, चार. हा माणूस उंच व्हायला गोणपाटावर बसून गाडी चालवत होता! मी त्याच्याहून उंच, म्हणून त्या काढल्या, अंग चोरून, त्या घड्यांवर त्याचे डोळे जिथे यायचे तेवढ्याच उंचीला बसलो आणि समोर बघितलं.

काचेवर चिखल वाळला होता. वर माझा तीनशे बावन्न चौरस इंचांचा तुकडा स्वच्छ पुसलेला, त्यातून ढग आणि कारखान्याचे पत्रे दिसत होते. खाली, बरोबर डोळ्यांसमोर, खिळीपासून आठ इंचांपर्यंत चिखलाचा पंखा. रस्ता त्याच्या मागे होता. तो छोटा पंखा मीच काढला होता की! पूर्वी सतरा चौरस इंचांचा होता, मी तो सदुसष्टांचा केला. कागदावर तो आकडा माझ्या हाताने लिहिला आणि वजा केला. वजा केला म्हणजे माझ्या लेखी तो संपला. त्या ड्रायव्हरची नजर नेमकी तिथे पडते, हे त्याला एकदा सीटवर बसवलं असतं तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

खाली मिस्त्री उभा होता. त्याने सगळं ओळखलं होतं. टोचून काही बोलला नाही. फक्त म्हणाला, "शेठला सांगा. त्या ट्रान्सपोर्टवाल्याला पन सांगा. त्या मानसाचं डोळं चांगलं हायेत."

"सांगतो," मी म्हणालो.

नाही सांगितलं. त्याच महिन्यात मला कायम करायचं चाललं होतं, घरी आई आणि दोन बहिणी होत्या. ही कारणं खरी आहेत, आणि तरीही ती कारणंच आहेत. उद्या सांगू, परवा सांगू म्हणत राहिलो. मिस्त्रीने दहाही गाड्या एकेक करून काहीतरी निमित्ताने बोलावून घेतल्या, जुने दांडे बसवले आणि प्रत्येकीवर चिखल मारून बघितला. शेठने विचारलं तेव्हा म्हणाला, "लांब दांडं लचकत्यात." माझ्यावर आलेलं त्याने लोखंडावर ढकललं. तो स्वतः का नाही बोलला, असं मला खूप दिवस वाटायचं. सोळाचा वर्ग येत नाही म्हणून ज्याचं मी चारचौघांत हसं केलं, त्याचं कोण ऐकणार होतं?

आणखी दोन दिवाळ्या गेल्या. मला दुसरीकडे नोकरी लागली, केडगाव सोडायचं ठरलं, तेव्हा कुठे माझ्या अंगात हिंमत आली. म्हणजे गमवायला काही उरलं नाही तेव्हा! एसटीने देवळाली प्रवऱ्याला गेलो आणि घर शोधत निघालो. ड्रायव्हर दुसऱ्याच्या उसाला पाणी देत होता, रोजाने दारं धरायला जायचा. मला ओळखून लगबगीने घरी घेऊन आला, घोंगडी टाकली, बायकोला चहा ठेवायला सांगितलं.

"गाडी का सोडली तुम्ही?" मी विचारलं.

"डोळं गेलं ना सायेब. नगरच्या दवाखान्यात दोनदा दाखवलं. डॉक्टर म्हनतो, डोळं बेस हायेत. पन म्या म्हनलं, बेस असतं तर बैल दिसला नसता व्हय? वायपर तर तुमी केल्याला, त्यात खोट कशी असंल? एवढा थोरला बैल! उद्या त्या जागी लेकरू असलं तर? लायसन संपलं, म्या पुन्हा काढलंच न्हाई. आता तर सायकलवर बसायचं पन भ्या वाटतं."

मग मी सांगितलं. जमिनीवर काडीने पंखा काढून, आठ इंचांचं टोक रेघा मारून, सगळं. तो वाकून बघत होता. माझ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. एकदम उठला आणि चुलीकडे तोंड करून ओरडला, "अगं, ऐकलंस का? माझं डोळं चांगलं हुतं! सायेब सोता सांगायला आल्यात! माझं डोळं चांगलं हुतं!"

त्याच्या चेहऱ्यावर एवढा आनंद, की मला तिथून पळून जावंसं वाटलं. एक शिवी घातली असती तरी चाललं असतं.

बायको चहाची कपबशी घेऊन बाहेर आली. तिने ती माझ्यापुढे ठेवली, जमिनीवरची आकृती बघितली आणि सरळ मला विचारलं, "तुमास्नी हे कवा कळलं?"

"बैल गेला त्याच आठवड्यात," मी म्हणालो.