‘फार दुःख झालं’ खोडल्यावर

आठवणी लिहायला बसले ती अकोल्याच्या माझ्या थोरल्या जाऊबाईंचं उट्टं काढायलाच. उगाच साळसूदपणा कशाला?

नवी नवरी होते तेव्हा अमरावतीच्या कॉलेजातून माझं बी.एड.च्या प्रवेशाचं पत्र आलं होतं. ते जाऊबाईंनी दाबून ठेवलं. माझ्या हाती लागलं तोवर मुदत संपलेली. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं, ‘शिक्षण राहून गेलं. मला फार दुःख झालं.’ आणि शहाणीनं ते बाईंनाच फोनवर वाचून दाखवलं.

“साजरं लिवलं व माय. कोणाले बोल नाही लावला.”

त्यांचं ते समाधान ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बोल लावायलाच तर बसले होते!

इथल्या वाचनालयात शनिवारी आठवणी लिहायला शिकवतात, त्या मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या. म्हणाल्या, “आजी, हे वाक्य कोणाच्याही वहीत खपेल. तुमचं काय आहे त्यात?”

मी घरी येऊन ‘काळजाच्या चिंधड्या झाल्या, डोळ्यांपुढे अंधार पसरला’ असं घातलं. मॅडम हसल्या. “हे तर दुःखाला दागिने घातले. पत्र सापडलं कुठं? तेव्हा तुमच्या हातांनी काय केलं?”

हातांनी जे केलं, तेच तर लिहायची लाज वाटत होती. शेवटी लिहिलं:

‘फल्लीतेलाच्या डब्याखाली पत्र अंथरलेलं होतं. माझ्या नावावर तेलाचा पिवळा गोल. मी शेवटच्या तारखेपर्यंत वाचलं, पुन्हा तसंच पसरलं आणि डबा त्याच गोलावर नेमका बसवला. मग बाईंना विचारलं, पोळ्या किती करू?’

दुःख हा शब्दच उरला नाही. उरली ती बावीस वर्षांची पदवीधर गाय, दावं स्वतःच तोंडात धरून उभी. पोळ्यांचं वाक्य खोडून मी तिथं एक खणखणीत भांडण घालणार होते. मॅडमनी माझा पेन धरला. “घडलं नाही ना? मग नको.”

राहू दिलं. पानं घेऊन एसटीनं अकोला गाठलं आणि बाईंसमोर बसून वाचलं. त्यांची सून शेजारीच मेथी निवडत होती. तिचा हात थांबला.

“दुःख झालं असं लिव ना,” बाई म्हणाल्या. “दहा खेपा लिव. तो डबा काढ तेवढा.”

“काहून?”

“सून आयकून राहिली ना!”

“आत्या, तुमी खरंच असं केलं?” सुनेनं सासूला विचारलं.

बाई पदर सावरत आत निघून गेल्या. मी पानं पिशवीत ठेवली आणि सुनेला म्हटलं, “चहा टाक, पोरी. साखर जरा सढळ हातानं.”