पावतीवर पाचोड

वर्तमानपत्राची जिल्हा आवृत्ती बंद झाली तेव्हा मला मुद्रितशोधनाखेरीज दुसरे काही येत नव्हते. तेवढ्यावर चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, लेबले छापणाऱ्या कारखान्यात नोकरी मिळाली. काम तेच होते, फक्त बातमीच्या जागी लोणच्याची बरणी आणि फिनेलची बाटली आली. वजन, पत्ता, अन्न परवान्याचा क्रमांक, शुद्धलेखन असे सगळे पाहायचे आणि कागदाच्या कोपऱ्यात ‘तपासले’ लिहून सही करायची. मशीन त्या सहीशिवाय सुरू होत नसे.

बारकोडखालचे तेरा अंकही मीच तपासत असे. त्याची एक रीत आहे. पहिल्या बारा अंकांना डावीकडून आळीपाळीने एक आणि तीनने गुणायचे, बेरीज करायची. ती पुढच्या पूर्ण दशकाला नेण्यासाठी जितके कमी पडते, तो तेरावा अंक. बेरीज आधीच दशकावर आली तर शून्य. टंकनात चूक झाली असेल तर बहुतेक वेळा इथेच सापडते. मला ही पद्धत आवडली होती. वर्तमानपत्रात इतकी खात्री कशाचीच नव्हती.

दुष्काळाचे ते दुसरे वर्ष. शहरात नळाला पाच दिवसांनी पाणी येई, कारखान्यात टँकर येई. बीड बायपासच्या बाजूला मात्र रोज नवी इमारत उभी राहत होती आणि प्रत्येक दोन इमारतींमागे एक मोठे दुकान उघडत होते, गाडी ढकलत माल घ्यायचे. या दुकानांत बारकोडशिवाय बाटली आत जात नसे.

पाचोडच्या बाई पहिल्यांदा आल्या त्याच्या आदल्या वर्षी. वय पन्नाशीचे. बागेतली निम्मी मोसंबी त्यांनी तोडली होती, उरलेली टँकरवर जगवली होती. मृग बहाराचे फळ लिंबाएवढे राहिले, बाजारात कोणी उचलेना. म्हणून त्यांनी सरबत केले. परवाना काढला, बाटल्या आणल्या. लेबलावर गावाचेच नाव घातले : पाचोड मोसंबी सरबत, ७५० मिली. शहरातल्या दुकानांत माल पोचवायला एक वितरक भेटला. लेबलाचा मजकूर त्यांनी दिला, बारकोडचा क्रमांक वितरकाने पाठवला. मी गुणाकार केला, तेरावा अंक बरोबर आला. सही केली.

वर्षाने, मार्चमध्ये, त्या पुन्हा आल्या. पिशवीतून दोन बाटल्या आणि एक पावती काढून माझ्या टेबलावर ठेवली.

“मॅडम, ही बाटली माझी. ही दुसरी माझी नाय. पण पावती बघा.”

दुसऱ्या बाटलीवर वेगळेच नाव होते, वेगळा पत्ता, भडक पिवळा रंग. लेबल आमच्याकडे छापलेले नव्हते. पावतीवर मात्र छापले होते : पाचोड मोसंबी ७५०.

“पेल्याला रंग लागतो म्हणून एका गिऱ्हाइकानं परत आणली. दुकानातला पोऱ्या म्हणतो, पाचोडच्या मालाची तक्रार हाय, आता तुमचा माल नको. मी म्हटलं, बाटली तर वाच. तो म्हणतो, मावशी, मशीनवर तुमचंच नाव येतं. मग मी सोताच एक घेतली. ही तिची पावती.”

मी दोन्ही बाटल्यांचे अंक शेजारी शेजारी लिहिले. तेराच्या तेरा सारखे.

बारकोडच्या पट्ट्यांमध्ये नाव नसते. किंमतही नसते. असतो फक्त क्रमांक. दुकानाच्या संगणकात त्या क्रमांकासमोर एकदा जे नाव भरले असेल, तेच दर वेळी पडद्यावर येते आणि पावतीवर उमटते. वितरकाने स्वस्तातले दुसरे सरबत कुठून तरी आणले होते आणि नवा क्रमांक लावण्याचे कष्ट न घेता जुनाच छापला होता. दुकानात नव्याने नोंद करायची गरज उरली नाही. पाचोडच्या नावावर माल खपत राहिला.

“पण माझा नंबर त्यानं दुसऱ्याला लावलाच कसा?” बाईंनी विचारले.

त्या प्रश्नाचे उत्तर मी वर्षभरापूर्वी शोधायला हवे होते. क्रमांकाचे पहिले तीन अंक ८९०. त्याचा अर्थ माल भारतात बनला असा लोक करतात. खरा अर्थ एवढाच, की क्रमांक भारतातल्या नोंदणी संस्थेने दिला आहे. त्यापुढचे काही अंक नोंदणी करणाऱ्या कंपनीचे. दोन्ही मिळून त्या कंपनीचा उपसर्ग होतो आणि तो जगात दुसऱ्या कोणाला दिला जात नाही. पुढचे अंक कंपनी स्वतःच्या एकेका वस्तूला देते. ज्याच्या वस्तू थोड्या, त्याचा उपसर्ग लांब. शेवटी तपासणीचा अंक. तो आकडे नीट उतरले आहेत का एवढेच सांगतो, ते कोणाचे आहेत हे सांगत नाही. मी त्यावर विसंबले होते.

नोंदणी संस्थेच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की नोंद कोणाची ते दिसते. मी टाकला. वितरकाच्या फर्मचे नाव आले आणि जुन्या मोंढ्याच्या घाऊक बाजारातला पत्ता. मी पडदा बाईंकडे वळवला.

त्यांनी नाव वाचले. पुन्हा वाचले.

“म्हंजे नंबर माझा नव्हताच.”

“नव्हता.”

“तुम्ही तपासलं होतं ना?”

“अंक तपासले होते. कोणाचे ते पाहिले नव्हते.”

त्यांनी पडद्याची एक प्रत मागून घेतली आणि पिशवीत ठेवली.

नोंदणी स्वतःच्या नावाने करायची असे त्यांनी तिथेच ठरवले. अर्ज माझ्याच टेबलावर भरला, परवान्याची प्रत जोडली. हे वितरकाला कुठून कळले माहीत नाही, पण चार दिवसांनी तो कारखान्यात आला. त्याचे सात-आठ लेबलांचे काम आमच्याकडे असे. मालकांनी चहा मागवला. बाई नेमक्या त्याच दिवशी नव्या लेबलाचा नमुना पाहायला आल्या होत्या.

“मावशी, कशाला डोक्याला ताप करून घेता?” तो म्हणाला. “नंबर म्हणजे नुसता नंबर. आमच्याकडचा पोरगा चुकला, नंबर दुसऱ्या बाटलीवर गेला. मी बघतो. तुम्ही याच नंबरावर माल द्या.”

“नुसता नंबर हाय तर मग माझाच राहू द्या.”

“तुमचा येईस्तोवर उन्हाळा जाईल. आला तरी दुकानात नव्यानं नोंद करावी लागते. कोण करणार? मीच ना?”

“तुम्ही नका करू. तुम्ही लई केलं.”

तो हसला आणि मालकांकडे पाहून म्हणाला, “साहेब, पाचोडचं लेबल मागच्याच नंबरावर छापा. मी सांगतोय.”

मालक माझ्याकडे पाहू लागले. “मॅडम, आजच सही करून टाका.”

“या क्रमांकावर मी सही करणार नाही,” मी म्हणाले. “लेबलावर पत्ता बाईंचा, उपसर्ग यांच्या फर्मचा. फर्मने तसे लेखी दिले आणि बाईंना ते मान्य असेल तरच.”

“मला मान्य नाय,” बाई म्हणाल्या.

“हा काही पेपर नाही मॅडम, बातमी करायला,” मालक म्हणाले.

“पेपर नाही, म्हणूनच सांगते. छापले की खुलासा देता येत नाही.”

वितरक चहा अर्धा ठेवून गेला. त्याचे पुढचे काम आमच्याकडे आले नाही. मालक महिनाभर माझ्याशी कामापुरतेच बोलत होते. पण माझ्या तपासणीच्या यादीत मी एक ओळ वाढवली : उपसर्ग कोणाच्या नावे. तिच्यावर त्यांनी काट मारली नाही.

क्रमांक आला तेव्हा बाईंच्या घरी जुन्या लेबलांच्या बाटल्यांची खोकी पडून होती. लेबले भिजवून काढायला पाणी नव्हते. मग जुन्या बारकोडवर डकवायला नव्या क्रमांकाची छोटी चिठ्ठी छापली. बाईंनी तिची घडी करून उजेडात धरली. कागद पातळ असेल तर खालच्या पट्ट्या वर दिसतात आणि मशीन गोंधळते, हे मी सांगितले होते. त्यांनी जाड कागद मागितला. पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंची कोरी जागा कापली जाऊ नये, हेही बजावले. मला.

मग त्या मला त्या तक्रारीच्या दुकानात घेऊन गेल्या. मागच्या बाजूला, जिथे टेम्पोतून माल उतरवतात, तिथे एक टेबल, एक संगणक आणि एक तरुण व्यवस्थापक.

“नोंद वितरकाची आहे मावशी,” तो म्हणाला. “मला बदलता येत नाही. नंबरच्या मालकानं सांगायला पाहिजे.”

“व्हय, नंबर त्याचाच हाय. मी कुठं मागितला? नंबर त्याला ठेवा. माझं नाव तेवढं द्या.”

“तसं नाव काढता येत नाही.”

“मग मी बसते इथं. तुमच्याकडं सावली हाय.” आणि त्या रिकाम्या क्रेटवर बसल्या.

मी टेबलावर दोन्ही बाटल्या ठेवल्या आणि संकेतस्थळाची प्रत. म्हणाले, “तुमच्या मांडणीवर या दोन्ही उभ्या आहेत. संगणक किती बाटल्या शिल्लक दाखवतो? त्यातल्या कोणत्या किती, ते सांगता येईल?”

त्याने संगणकात पाहिले. मग उठून आत गेला, मांडणी बघून आला. सांगता येत नव्हते. एका क्रमांकावर एकच वस्तू असली पाहिजे, हे त्याला माहीत होते; मोजणीच्या दिवशी त्याचेच हिशेब चुकणार होते. त्याने दोन्ही बाटल्यांचे फोटो काढले, मुख्य कार्यालयाला पाठवले, फोन लावला. बाई क्रेटवरच होत्या. तासाभराने उत्तर आले. त्याने जुन्या क्रमांकाची बाटली यंत्रासमोर धरली. पडद्यावर आले : विक्री बंद. कामगाराला हाक मारून त्याने पिवळ्या बाटल्या मांडणीवरून उतरवायला सांगितल्या.

“आता माझी लावून बघा,” बाई म्हणाल्या आणि चिठ्ठी डकवलेली बाटली पुढे केली.

यंत्र वाजले. पडद्यावर ओळ आली : वस्तू आढळली नाही.

व्यवस्थापक ओशाळला. “नोंद व्हायला आठ दिवस लागतील मावशी. आज माल घेता येणार नाही. हा फॉर्म भरून द्या.”

“आठ तर आठ. दुसऱ्याचं नाव तर आलं नाय.”

त्यांनी माझा पेन घेतला. क्रमांकाचे तेरा अंक चिठ्ठीवरून एकेक करून उतरवले, मला तपासायला दिले नाहीत. नोंदणीधारकाच्या रकान्यात स्वतःचे पूर्ण नाव लिहिले आणि त्यापुढे पाचोड. फॉर्म सरकवून त्या व्यवस्थापकाला म्हणाल्या, “परत एकदा मारा.”

त्याने बाटली पुन्हा धरली. पडद्यावर पुन्हा तीच ओळ आली. बाईंनी ती शेवटपर्यंत वाचली आणि बाटली पिशवीत ठेवली.