मास्क सगळ्यात शेवटी

कालिंदीची बदली कधीच झाली नाही. झाल्या त्या शरदच्या. बँक नवऱ्याला पाठवील तिथे तिने बिऱ्हाड हलवायचं आणि त्या गावातल्या दवाखान्यात पुन्हा नव्याने नोकरी शोधायची. नागपूर, रायपूर, आता कोलकाता. पंचवीस वर्षं नर्सिंग करूनही बेहालाजवळच्या खाजगी इस्पितळात ती कंत्राटावरच होती. आता कायम होण्याची संधी आली होती. लेखी परीक्षा, मग वॉर्डातली प्रत्यक्ष परीक्षा. नापास झाल्यास कंत्राट पुढे वाढेलच असं नव्हतं.

शरद भाजी निवडता निवडता तिला प्रश्न विचारायचा.

“हात कधी धुवायचे?”

“पेशंटला शिवायच्या आधी, आणि शिवून झाल्यावर. सुई, सलाईन, जखम अशा जंतू आत जाऊ नयेत अशा कामाआधी. रक्त, थुंकी लागण्याचा संभव असेल तर नंतर. आणि त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यावर.”

“नुसत्या पलंगाला लावला तरी?”

“पलंगाला, स्टँडला, त्याच्या मोबाइललाही.”

“आणि अंगावरचं? आधी हात स्वच्छ, मग गाऊन, मास्क, तोंडावरचं शील्ड, शेवटी हातमोजे. काढताना उलटं.”

“उलटं नाही हो. हातमोजे आधी, ते सर्वांत घाण. मग शील्ड, मग गाऊन. मास्क खोलीबाहेर आल्यावर, सगळ्यात शेवटी. आणि मग पुन्हा हात.”

“बँकेत बरं आहे,” शरद म्हणाला. “आम्ही फक्त हात वर करतो.”

लेखी परीक्षा चांगली गेली. प्रत्यक्ष परीक्षा मात्र ड्युटी संपताना होती. परीक्षक सुदेष्णादी, इस्पितळात संसर्ग आवरण्याचं काम पाहणाऱ्या. बोलायला मऊ, पण नजर सुटत नसे. वेगळ्या खोलीतले मुखर्जीबाबू फ्लूने आजारी होते, छातीत कफ साचलेला. नळीने तो ओढून काढायचा होता. सुदेष्णादी दाराच्या काचेबाहेर उभ्या राहिल्या.

कालिंदीने सगळं नीट घातलं, कफ काढला, बाबूंची उशी सरळ केली. मग दाराजवळ येऊन हातमोजे उतरवले, सॅनिटायझरने हात चोळले. शील्ड, गाऊन. बाहेर येऊन दार लावलं आणि मास्कच्या समोरच्या भागाला हात न लावता मागचे पट्टे धरून तो काढला. पुन्हा हात चोळले. सुदेष्णादींनी पसंतीची मान डोलावली.

तेवढ्यात आत घंटी वाजली. मुखर्जीबाबूंचा चष्मा टेबलावर होता आणि हात पुरत नव्हता. चष्मा नसला की म्हातारा घाबरायचा, नळ्या ओढायचा.

“मी दुसऱ्या सिस्टरला बोलावते,” सुदेष्णादी म्हणाल्या. “तुमचं झालंय.”

“तिला पण हे सगळं चढवावं लागेलच ना, दीदी. मीच जाते.”

पुन्हा हात, गाऊन, नवा मास्क, शील्ड, हातमोजे. पाय दुखत होते. चष्मा हातात देताच बाबू शांत झाले, “एशो मा,” म्हणाले, ये हं आई, असा निरोप देत. कालिंदी दाराशी आली. हातमोजे काढले, हात चोळले, शील्ड काढलं. मास्कखाली घाम साचला होता, श्वास कोंडत होता. डोक्यात काहीच नव्हतं. हात आपोआप वर गेला आणि तिने मास्क समोरून धरून खाली ओढला. गाऊन अंगावरच, खोलीतच.

ओढल्याक्षणी कळलं. तिने काचेकडे पाहिलं. सुदेष्णादी पाहत होत्या.

बाहेर आल्यावर, हात स्वच्छ केल्यावर कालिंदी बाकावर बसली. “पहिली वेळ बरोबर होती, दीदी.”

“होती. पहिल्या वेळी तुम्ही परीक्षा देत होता. दुसऱ्या वेळी तुम्ही दमलेल्या होता. इथे आपण दमलेल्याच असतो ना?” सुदेष्णादी तिच्याशेजारी बसल्या. “मी नापास लिहिणार. फेरपरीक्षा गुरुवारी. सकाळी ठेवते, तुम्ही ताज्या असाल.”

 सकाळी कालिंदी नक्की पास झाली असती.

“सकाळी नको,” ती म्हणाली. “ड्युटी संपल्यावरच ठेवा.”

“पुन्हा चुकलात तर नोकरी जाईल हं.”

“माहीत आहे. पण घरी माणूस आहे माझं, इथला आजार त्याच्यापर्यंत जायला नको. मला कळायला हवं, दमल्यावरही मला जमतं का ते.”

घरी शरदने दार उघडलं. “काय झालं?”

“नापास.” तिने चपला बाजूला सारल्या आणि थेट बेसिनकडे गेली. “गुरुवारी परत. आजपासून तुम्ही मला झोपायच्या आधी प्रश्न विचारायचे. मी पेंगत असले तरी.”

“पेंगताना चुकलीस तर?”

“चुकू द्या. मग परत विचारा.”

शरदने वरणाखालचा गॅस बारीक केला. “काढताना पहिलं काय?”

“हातमोजे,” ती साबण चोळत म्हणाली, आणि पुढचं सांगताना जरा थांबून, एकेक आठवून सांगत गेली.