शेवटच्या यादीतली दोन नावं

दोघी बहिणींचं मिळून वेबसाइट बनवायचं एकच दुकान होतं: घरातल्या पुढच्या खोलीत समोरासमोर दोन टेबलं. थोरली बोलकी. गिऱ्हाइकाशी बोलणं, मांडणी, रंग, पत्रव्यवहार सगळं तिच्याकडे. धाकटी वेबसाइटच्या आतली यंत्रणा लिहायची. फोन वाजला की ती मानेनेच ताईकडे खूण करायची. ताई म्हणायची, "माझं तोंड तू भाड्याने घेतलंयस की काय?"

अंधांच्या वाचनालयासाठी बोलक्या पुस्तकांची वेबसाइट करायचं काम त्यांनी घेतलं, आणि ते शेवटाला आलं असताना ताई गेली. मेंदूत रक्तस्राव झाला. सकाळी दवाखान्यात नेली, दुपारी सगळं संपलं.

वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई स्वतः अंध होत्या. त्यांनी महिनाभर मुदत वाढवून दिली. त्या महिन्यात धाकटीने राहिलेलं काम पुरं केलं आणि मग ते सोपवायची यादी करायला बसली. आजवर ही यादी ताईच करायची. बाईंचा संगणक मजकूर वाचून दाखवायचा, म्हणून चित्रं नाहीत, तक्ते नाहीत, एका ओळीत एकच गोष्ट. वेबसाइटच्या नावाची मालकी वाचनालयाकडे. पासवर्ड मेलमध्ये नाहीत, संगणकातल्या कुलूपबंद तिजोरीत. बॅकअप नुसता घेतलेला नाही, दुसऱ्या जागी पुन्हा उभा करून पाहिलेला. वाचनालयाच्या लिपिक बाईंनी कोणाच्या मदतीशिवाय एक पुस्तक वेबसाइटवर चढवलेलं. एक दोष अजून शिल्लक: जोडनावं शोधताना मधली रेघ दिली नाही तर पुस्तक सापडत नाही.

मालकी बदलायला ओटीपी ताईच्या फोनवर येणार होता. फोन तिने चार्ज करून ठेवला होता. तो वाजला तेव्हा वर ताईचाच फोटो उजळला, त्याखाली सहा आकडे. तिने आकडे भरले आणि फोन पालथा ठेवला.

मग निरोपाचं पत्र. ताईची जुनी पत्रं होतीच. "आम्ही दोघी पुन्हा कधीही हाकेला हजर आहोत," असा त्यांचा शेवट. तिने ते उतरवलं आणि 'दोघी'वर अडली. तो शब्द काढला तर 'आम्ही'ही खोटं वाटायला लागलं. शेवटी तिने साधंच लिहिलं:

"काम पूर्ण झालं. यादी सोबत आहे. तीस दिवसांत दोष निघाला तर मोफत दुरुस्त करीन. नवीन काम वेगळं ठरवू. मांडणी आणि रंग ताई करायची, ते माझ्याकडून होणार नाही, त्यासाठी दुसरं कोणी शोधावं लागेल. मुलांच्या विभागाची घाई करू नका. आधी चार महिने लोक कोणती पुस्तकं अर्ध्यावर सोडतात ते पाहा. त्यानंतर बोलावलंत, तर मी येईन."

पाठवताना तिला हे फार कोरडं वाटलं. पण याहून जास्त लिहायला तिच्याजवळ काही नव्हतं.

यादीची शेवटची ओळ होती, "आमचे प्रवेशाधिकार काढणे." ते बाईंनी स्वतः करायचं होतं, म्हणून दोघी फोनवर बसल्या. बाईंच्या संगणकाचा आवाज एकेक नाव वाचत होता. आधी बाईंचं, मग लिपिक बाईंचं. मग धाकटीचं. मग ताईचं, सपाट, यंत्राच्या सुरात.

"दोन्ही काढू?" बाईंनी विचारलं.

"हो. आधी माझं."

"बरं."

बटणं वाजली आणि यंत्राने सांगितलं, सभासद काढला. ताईच्या नावावर बटणं थांबली. मग बाई म्हणाल्या, "हे मला जमत नाहीये."

"तेच बटण आहे, बाई, नावानंतरचं तिसरं."

"बटण सापडलंय गं." बाईंचा आवाज खाली आला. "ती दर गुरुवारी फोन करायची. कामाचं चार मिनिटं, बाकी अर्धा तास माझ्या गुडघ्याचं."

धाकटीला हे ठाऊक नव्हतं. गुरुवारी समोरच्या टेबलावर ताई हसत असायची, आणि ही कानात बोळे घालून काम करत असायची.

"काढा," ती म्हणाली. "यादीत तसं लिहिलंय." आणि मग फोन कानाला तसाच धरून रडली. बाईंनी तिला थांबवलं नाही. काही वेळाने यंत्राने पुन्हा सांगितलं, सभासद काढला.

साडेचार महिन्यांनी बाईंचा फोन आला. मुलांच्या विभागाचं काम निघालं होतं. मांडणीसाठी त्यांनी एक बाई शोधल्या होत्या, पण आतलं काम हिनेच करावं अशी वाचनालयाच्या कमिटीची इच्छा होती.

"तुझं पत्र सभेत वाचलं," बाई म्हणाल्या. "जे येत नाही ते लिहिलंस, म्हणून जे येतं त्यावर कोणी शंका घेतली नाही."

तिने विचार करायला एक दिवस मागून घेतला. फोन ठेवून सवयीने मान वर केली. समोरच्या टेबलावर धूळ बसली होती. बातमी सांगायला कोणी नव्हतं. तिने फडकं आणून टेबल पुसलं आणि दुसऱ्या दिवशी, काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून घेऊन, स्वतः फोन करून हो म्हणाली.