काचेवरचा घातांक

आमचं ऑफिस जुन्या पनवेलात, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर. खिडकीची काच रस्त्याकडे आहे. माझी भागीदार त्या काचेवरच गणितं करायची. कागदावर केलं की मी बघत नाही, अशी तिची तक्रार होती. ती ऑफिस सोडून गेली तेव्हा काचेवर शेवटचं गणित तसंच राहिलं. ऑफिसात बसलं की ते सरळ दिसतं, खाली टपरीवर चहाला उभं राहिलं की उलटं. झाडलोट करणाऱ्या बाईंना मी सांगून ठेवलंय, काच बाहेरून पुसा, आतून नको. त्या म्हणतात, "एवढं काय लिवलंय त्यात?" मी म्हणतो, धंद्याचं आहे.

मी ओवे गावचा. कॉलेज अर्धवट सोडलं, प्रोग्रामिंग इंटरनेटवर बघून शिकलो आणि बाकी सगळं घासाघीस करून मिळवलं. सांगितलेल्या किमतीत मी आजवर काही घेतलं नाही आणि मागितलेल्या किमतीत काही दिलं नाही. कामोठ्यात ती संख्याशास्त्राचे क्लास घ्यायची. तिला हजेरीचं सॉफ्टवेअर विकायला मी गेलो होतो. मी चढवून आकडा सांगितला. ती म्हणाली, "ठीक आहे."

मला रागच आला. समोरच्याने मोडता घातला नाही तर आपण चढवलेलं उतरवायचं कसं?

"अहो, जास्त सांगितलंय मी," मी म्हणालो. "कमी करा म्हणा की."

"जास्त आहे तर तुम्हीच कमी करा. मला कसं कळणार?"

मी स्वतःशीच भाव करून खाली आलो. तसं त्याआधी कधी झालं नव्हतं, नंतरही नाही. काही महिन्यांनी आम्ही भागीदार झालो. शेवटपर्यंत एकमेकांना अहोजाहोच करत राहिलो.

उरणच्या रस्त्यावरच्या एका कंटेनर यार्डाचं काम मिळालं. काम साधं होतं. जहाजातून आलेले कंटेनर यार्डात रचलेले असतात. ते न्यायला ट्रक येतात. प्रत्येक ट्रकला चिठ्ठीवर एक नंबर मिळायचा. ड्रायव्हरने तो गेटवर सांगायचा, गेटच्या क्लार्कने तो यंत्रात टाकायचा, की कुठला कंटेनर उचलायचा ते पडद्यावर येणार. चिठ्ठ्या तीन-चार ठिकाणच्या लॅपटॉपवर निघायच्या आणि तिकडे नेटचा भरवसा नव्हता. त्यामुळे लॅपटॉपांनी एकमेकांना न विचारताच नंबर काढायचा होता. आमचा प्रोग्राम कंटेनरचा आणि ट्रकचा नंबर एकत्र घुसळायचा आणि त्यातून एक आकडा बाहेर काढायचा. यालाच हॅश म्हणतात. आकडा लॉटरीसारखाच पडतो, कुठलाही येऊ शकतो. म्हणून दोन चिठ्ठ्यांना एकच आकडा येण्याची शक्यता राहते. एका जहाजाचा माल उचलला की त्याचे नंबर बाद व्हायचे.

प्रश्न एवढाच होता की आकडा किती अंकी ठेवायचा. यार्डाच्या मॅनेजरला सहा हवे होते. फोनवर सांगताना ड्रायव्हर अडखळतात, असं त्याचं म्हणणं. मी एक अख्खी दुपार त्याच्या केबिनमध्ये बसलो, दोनदा उठून दारापर्यंत गेलो, दोनदा त्याने परत बोलावलं, आणि आठ अंक पदरात पाडून घेतले. त्या दिवशी तिने मला खालून भजी आणून दिली. "कसं जमतं हो तुम्हाला?" ती म्हणाली. ते वाक्य मला अजून त्याच आवाजात ऐकू येतं.

पहिलं वर्ष सुरळीत गेलं. मग एक मोठं जहाज लागलं आणि गेटवर दोन ट्रक एकच नंबर घेऊन आले.

पहिल्याने नंबर सांगितला, यंत्राने कंटेनर दाखवला, तो घेऊन तो भिवंडीकडे निघून गेला. दुसरा आला, तोच नंबर बोलला, तर पडद्यावर 'माल गेला' असं आलं. शोधाशोध झाली तेव्हा कळलं की पहिला ट्रक दुसऱ्याच्या फरशा घेऊन गेलाय. त्याचे स्वतःचे सायकलचे सुटे भाग यार्डातच पडून होते. मॅनेजरने ठरवून टाकलं की गेटच्या क्लार्कने नंबर फोडला आणि कोणीतरी खोटी चिठ्ठी बनवली. क्लार्क उरणकडचा, चाळिशीचा माणूस. आम्ही पोचलो तेव्हा त्याला केबिनबाहेर स्टुलावर बसवून ठेवलं होतं. गेटवर दुसराच माणूस उभा होता.

"मी काय नाय केलं, मॅडम," तो तिला म्हणाला. "त्यानं नंबर सांगितला, मी टाकला. आता पोलिसात देतो म्हनतात."

आत मॅनेजर तयारच होता. "सहा अंकी म्हणजे दहा लाख आकडे. या जहाजाच्या चिठ्ठ्या बाराशे. दहा लाखांत बाराशे, म्हणजे हजारात एक. असा योगायोग होत नसतो, साहेब. याला चोरी म्हणतात."

सहा अंकी? मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. टेबलावर पडलेल्या पुठ्ठ्यावर तिने लिहायला सुरुवात केली होती.

"तुम्ही एक चिठ्ठी धरून बाकीच्यांशी जुळते का ते बघताय," ती म्हणाली. "पण इथे कुठल्याही दोन जुळल्या तरी घोटाळाच आहे. त्यामुळे जोड्या मोजायच्या. बाराशे चिठ्ठ्यांच्या जोड्या होतात जवळपास सात लाख वीस हजार. प्रत्येक जोडी जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक."

"मग?"

"मग एकही जोडी जुळू नये याची शक्यता काढायची. दुसरी चिठ्ठी पहिलीशी जुळू नये, तिसरी पहिल्या दोघींशी जुळू नये, असं बाराशेपर्यंत गुणत जायचं. पहिला गुणक एक वजा दहा लाखांत एक, पुढचा एक वजा दहा लाखांत दोन, असे. त्यातला प्रत्येक जवळजवळ e च्या, म्हणजे गणितातल्या एका ठरलेल्या संख्येच्या, एखाद्या लहानशा उणे घाताएवढा असतो. आणि घातांचा गुणाकार करायचा म्हणजे वरच्या आकड्यांची नुसती बेरीज. सगळी मिळून होते शून्य पूर्णांक बहात्तर. e चा उणे शून्य पूर्णांक बहात्तर घात, तो येतो शून्य पूर्णांक एकोणपन्नासच्या आसपास."

"सोपं करून सांगा, मॅडम."

"काही न होण्याची शक्यता एकोणपन्नास टक्के. कुठेतरी दोन चिठ्ठ्या जुळण्याची एक्कावन्न. त्या बाहेरच्या माणसाने काही केलेलं नाही."

मॅनेजर पुठ्ठ्याकडे बघत राहिला. "म्हणजे वर्षभर आम्ही नाणंच उडवत होतो?"

"नाही. एका जहाजाच्या शंभरच चिठ्ठ्या असल्या की तोच आकडा शून्य पूर्णांक शून्य शून्य पाच येतो. अर्धा टक्का. चिठ्ठ्या बारा पट झाल्या की जोड्या एकशे चव्वेचाळीस पट होतात. या जहाजाला ते झालं."

तोवर माझा पारा चढला होता. "मी आठ अंक ठरवले होते. सहा कोणी केले?"

"मॅडम हो म्हणाल्या," मॅनेजर म्हणाला. "तुम्ही बाहेरगावी होतात."

"मी म्हणाले," ती म्हणाली. "यांनी सांगितलं की एका जहाजामागे शंभराच्या वर चिठ्ठ्या कधीच जाणार नाहीत. मी गणित केलं. अर्धा टक्का चालेल असं वाटलं. चूक माझी आहे, तसं लिहून देते. त्यांना आत बोलवा."

क्लार्कला आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला. दुपारी तो पुन्हा गेटवर उभा होता. यार्ड मात्र आमच्या हातून गेलं. जाण्याआधी आम्ही आठ अंक करून दिले आणि एका नंबरावर दोन कंटेनर सापडले तर यंत्राने थांबायचं, अशी तपासणी घातली.

परत येताना मी गाडी चालवत होतो. 

"मला आधी विचारायचं होतंत," मी म्हणालो.

"विचारलं असतं तर तुम्ही ओरडला असतात."

"ओरडलोच असतो. मग?"

तिने खिडकीची काच खाली केली.

"तुमचं सूत्र बरोबर होतं," मी म्हणालो. "पण त्यातला n, म्हणजे चिठ्ठ्यांचा आकडा, मॅनेजरने सांगितलेला होता. गिऱ्हाईक कधी खरा n सांगतं का? भाव पाडायचा असला की माल थोडा सांगतात. हे माझं काम होतं. तुम्ही माझं काम परस्पर देऊन टाकलंत."

"आणि n चा वर्ग होतो," ती म्हणाली. "म्हणजे तुमचं काम माझ्यापेक्षा मोठं."

टोमणा होता की कबुली, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

महिन्याभरात तिने बंगळूरची नोकरी घेतली. मला सांगितलं ते काचेजवळ उभं राहून. मी म्हणालो, जा. पहिला आकडा तोच असतो, कोणीही तोच सांगतो. मग समोरच्याने म्हणायचं असतं की असं कसं, थोडं बघा. दुसरा आकडा माझ्याकडे तयार होता, तिसराही होता. ती म्हणाली, "ठीक आहे." हा माझा तिच्यावरचा राग आहे आणि तो मी सोडणार नाही. यार्ड गेल्याचा नाही. यार्डं पुष्कळ मिळाली.

मध्ये त्या क्लार्कची गाठ पडली. विचारत होता, "मॅडम येनार नाय का परत?" मी म्हणालो, बघू. "लय शांत बाई," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघून हसला. तुमच्यासारख्याला कशी चालली, असं त्याला विचारायचं असावं.

जायच्या आधी तिने एकदा मला यार्डाचं गणित काचेवर मांडून समजावलं होतं; तेच अजून तिथे आहे. मी विचारलं होतं, शक्यता एवढी मोठी असते तर आपण निवडलेल्या नेमक्या दोन चिठ्ठ्या का जुळत नाहीत? ती म्हणाली, "कोणीतरी दोघं जुळतील, हे अर्ध्याच्या वर. पण तुम्ही बोट ठेवाल ती जोडी, ती मात्र दहा लाखांत एकच. बाकीचे कितीही वाढले तरी तिच्यात फरक पडत नाही." पनवेल स्टेशनाबाहेर संध्याकाळी गर्दी उतरते, ओळखीची माणसं एकमेकांना अचानक भेटतात, खांद्यावर थाप मारतात, "अरे, तू इकडे कुठे?" असं रोज कुठेतरी होत असतं. मी तिथे रिक्षाची वाट बघत उभा असतो. मी बोट ठेवलेली जोडी एकच आहे.

परवा एका नव्या गोदामाचं काम आलं. मालक म्हणाला, दिवसाला दोनशे चिठ्ठ्या, एकही जास्त नाही. गणित मला आता झोपेतही येतं. तरी टपरीवर उभं राहून मी तिला निरोप पाठवला: "ते दोनशे म्हणतात. n किती धरू?" नेमकं किती धरायचं ते मी आधीच ठरवलं होतं.

थोड्या वेळाने उत्तर आलं. "चौपट."

मी लिहिलं, "तिप्पट पुरे."

वर काचेवर तिचं गणित उलटं दिसत होतं. मला वाटलं, आता ती म्हणेल, नाही, चौपटच, वर्ग होतो हे विसरलात का. मग मी साडेतीन पटीवर येईन, ती नाही म्हणेल, संध्याकाळपर्यंत चालेल.

"ठीक आहे," तिने लिहिलं.

तिने एकदा तरी नाही म्हणायचं. मी फोन खिशात टाकला, पुन्हा काढला, आणि लिहिलं, "चौपटच धरतो."