खाऱ्या पाण्याची खाज

भाऊबीजेला मी अकोल्याला पोचले तेव्हा भाऊ दारातच उभा होता, कपडे करून, केस विंचरून. मी पिशवीतून तेलाची वाटी काढली तर म्हणाला, "माही आंघोळ झाली, बाई. तू ओवाळून घे फक्त."

लहानपणापासून भाऊबीजेच्या सकाळी त्याच्या पाठीला तेल-उटणं मीच लावलेलं. पाटावर बसवायचं, कढत पाण्याचे तांबे ओतायचे, आणि तो "अवं भाजलो नं!" म्हणून ओरडायचा. साठी उलटली तरी चाललंच होतं. माझे मालक गेल्यावर वर्षातनं एकदा कोणाच्या अंगाला हात लावायचा, तो हाच दिवस. आणि हा बाबा म्हणतो, झाली आंघोळ!

मी ओवाळलं, जेवले आणि दुपारच्या बसने अमरावतीला परत आले. रस्ताभर रागाने धुमसत होते. नंतरच्या वर्षीही तेच. त्याच्यापुढच्या वर्षी मी तेलाची वाटी नेलीच नाही. वहिनीने एकदा सांगितलं होतं की भाऊला पाण्याने खाज सुटते. आमच्या अकोल्याकडे पूर्णा नदीकाठचं भूजल खारट, त्यामुळे मळ्यातल्या बोअरला कोणीही कशाचाही दोष लावतं. मला वाटलं, बहाणा आहे. बहीण म्हातारी झाली, नकोशी झाली, एवढं सरळ बोलवत नाही म्हणून पाण्यावर ढकलायचं.

माझंही एक लपलेलं होतंच. रात्री तळपाय पेटायचे. बोटं लाल व्हायची, पांघरूण सहन व्हायचं नाही. मी फरशीवर पाय टेकवून बसायची आणि कूलरचं तोंड पायांकडे करायची. शेजारीण म्हणाली, उष्णता आहे, सब्जा घ्या. उन्हाळाभर सब्जा घेतला, काही फरक नाही. मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तर प्लेटलेट्स नऊ लाखांच्या वर. डोळ्यांचे डॉक्टर चमकले आणि त्यांनी रक्तविकाराच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. त्यांनी एकदा रक्ताची जनुकतपासणी केली, एकदा कमरेच्या हाडातून सुईने मज्जा काढली आणि नाव सांगितलं, इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया.

मी आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. डॉक्टरीणबाईंना ते कळल्यावर त्यांनी माझ्याच भाषेत समजावलं. हाडांच्या मज्जेत रक्त तयार होतं. शरीराला लागेल तसा तिकडे फोन जातो, काम झालं की फोन बंद. मज्जेतल्या एका मूळ पेशीत जॅक-टू नावाच्या जनुकात बिघाड झाला आणि तिच्या पिल्लावळीत तो उतरला. आता लाईनवर कोणी नसतं, तरी त्यांच्याकडे घंटी वाजतच राहते, आणि त्या पेशी बनवत सुटतात. रक्ताचा हा सावकाश चालणारा कर्करोगच, पण गोळ्यांवर वर्षानुवर्षं निभतो. गुठळी मात्र होऊ द्यायची नाही. रोज ॲस्पिरिनची लहान गोळी आणि हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल सुरू झाली. पायांची आग बरीच उतरली.

कर्करोग हा शब्द मी घरी आणला आणि कोणाला सांगितला नाही. सांगणार कोणाला? भाऊ तर आंघोळही घालू देईना. घरात फोन होता, आणि ज्या बाईने जिल्ह्याभराचे फोन जोडून दिले तिला स्वतःला लावायला एक नंबर नव्हता. फार एकटं वाटायचं. सणासुदीला तर जास्तच.

एकदा तपासणीला बाकावर बसले होते. शेजारी परतवाड्याचे एक गृहस्थ, तोंड लालबुंद, डोळेही लाल. बसल्या बसल्या बोलायला लागले.

"लोक म्हणतात तब्येत झाली तुमची. काय सांगू ताई, आंघोळ केली का अंगात सुया टोचतात. पुरळ नाही, गांधी नाही, नुसती खाज. दोन वर्स मलमं लावली. मंग समजलं, रक्तच लय झालं. आता बाटली काढून घेतात."

दारात उभा असलेला भाऊ डोळ्यांपुढे आला. त्याचंही तोंड असंच टमाट्यासारखं, आणि आम्ही सगळे त्याला ठणठणीत म्हणून चिडवत होतो.

डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "यांचा आजार पॉलिसायथेमिया व्हेरा. बिघाड बहुतेकदा तुमच्यासारखाच, जॅक-टूचा. तुमच्यात प्लेटलेट्स वाढल्या, यांच्यात मुख्यतः लाल पेशी. हा बिघाड जन्मतः येत नाही, पुढे कधीतरी होतो. पण काही घरांत तो होण्याचा कल असतो. भावाचं साधं रक्त लवकर तपासून घ्या. रक्त दाट असेल तर लकवा मारू शकतो."

घरी न जाता तशीच अकोल्याच्या बसमध्ये बसले.

भाऊ ओसरीवर शेवंती निवडत होता. मी रक्त तपासायचं म्हटल्यावर हसला. "मले काय झालं व? माही तब्येत पाह्य!"

वहिनी मधेच म्हणाली, "परवा हातातून टोपलं पडलं ते सांगा की. उजवा हात मेल्यासारखा झालता. जरा वेळानं आला ताळ्यावर."

"झोपीत दबला असंन."

"चालता चालता झोपले होते काय?" वहिनी म्हणाली.

तो ऐकेना. माझा आवाज चढला, आणि चढता चढता फुटला. म्हटलं, "मले रक्ताचा कर्करोग आहे. तुलेही तसलंच असंन. चल, नाहीतर मी इथून हलत नाही."

त्याच्या हातातलं फूल खाली पडलं. तो चप्पल शोधायला लागला.

हिमोग्लोबिन एकोणीस निघालं, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, अठ्ठावन्न टक्के, पानथरी म्हणजे प्लीहाही वाढलेली. पुढच्या तपासणीत जॅक-टूचा बिघाडही निघाला. ॲस्पिरिन आणि माझीच ती कॅप्सूल सुरू झाली. हिमॅटोक्रिट पंचेचाळीसच्या खाली येईपर्यंत थोड्या थोड्या दिवसांनी रक्त काढायचं होतं. पहिल्यांदा मी त्याच्या खाटेशी बसले. पिशवी काळपट लाल, जड. तिथल्या मुलीला त्याने विचारलं, "कोणाले देता का हे?" ती म्हणाली, "नाही काका, हे वापरत नाहीत." तो पिशवीकडे बघत राहिला. मग हळूच मला म्हणाला,

"तू आंघोळ घालत होतीस नं, तवाच सुरू झालती खाज. तुह्या हातचं म्हणून तीन दिवाळ्या बसलो. तू गेली का मळ्यात जाऊन पोत्यानं अंग घासत होतो. मंग सहनच होईना, बाई. तुले कसं सांगू?"

मी ज्या दिवसाची वर्षभर वाट बघत होते, तो त्याच्यासाठी सुयांचा होता, आणि माझ्यासाठी त्याने तीनदा काढला.

या भाऊबीजेला त्याचं रक्त ताब्यात आहे, खाज मात्र अजून पुरती गेलेली नाही. मी वाटी नेली. पाटावर बसवून पाठीला नुसतं तेल लावलं, उटण्याचं एक बोट कपाळाला, आणि कोरड्या पंच्याने हलके टिपलं. पाण्याचा थेंब नाही. पाठ हाडकुळी झाली आहे. मी सावकाश चोळलं.

उठल्यावर तो आत गेला आणि माठातल्या पाण्याची बादली घेऊन आला. पाणी हातावर उडू नये म्हणून हात लांब धरून चालत होता. बादली माझ्यासमोर ठेवली, पाट माझ्याकडे सरकवला.

"बस," म्हणाला. "पाय अजून पेटतात म्हणते तुही वहिनी. टाक पुढं."

मी पाय पुढे केले. त्याने तांब्या काठाला धरून गार पाणी ओतलं. थोडं त्याच्या मनगटावर उडालंच. त्याने मनगट धोतराला घासलं आणि दुसरा तांब्या भरला.